वायफाय जोडले जाते, पण लॉगिनचे पान का येत नाही?

बेदाण्याच्या सौद्यांच्या दिवसांत सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या एका लॉजमधून मला रात्री साडेनऊच्या सुमारास फोन आला. त्या लॉजचे वायफाय मीच बसवून दिलेले आहे, त्यामुळे तिथले बरे-वाईट सगळे माझ्याच खात्यावर जमा होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दादा, वरच्या खोलीतल्या साहेबांच्या लॅपटॉपवर ते नंबर टाकायचं पानच येईना झालंय. वायफाय जोडलंय म्हणून दाखवतंय. त्यांच्याच मोबाइलवर येतंय, लॅपटॉपवर येईना." साहेब म्हणजे नाशिककडून बेदाणा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याचे हिशेबनीस होते. मालाची गाडी भरून उभी होती आणि तिचे ई-वे बिल लॅपटॉपवरून काढायचे राहिले होते.

अशी तक्रार एकट्या लॉजची नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या कॅफेत बसा, रेल्वेच्या फलाटावर उभे राहा किंवा महाबळेश्वरच्या वाटेवरच्या हॉटेलात उतरा, हाच अनुभव कधी ना कधी येतो. वायफायच्या यादीत नाव दिसते, त्याला जोडलेही जाते, पण ज्या पानावर मोबाइल नंबर टाकून ओटीपी मागवायचा ते पान काही उघडत नाही. लोक वायफाय बंद-चालू करतात, फोन बंद करून पुन्हा लावतात आणि शेवटी नाद सोडतात. हे पान नेमके कोण उघडते आणि कशामुळे, हे एकदा समजले तर बंद-चालू करण्याच्या पलीकडे बरेच काही करता येते.

या व्यवस्थेला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. सार्वजनिक वायफायला बहुधा पासवर्ड नसतो, कोणीही जोडून घेऊ शकतो, पण जोडला गेल्यावर तो दारातच अडकून राहतो आणि ओळख पटल्याशिवाय पुढे इंटरनेटपर्यंत जाऊ शकत नाही. आपल्याकडे ही ओळख मोबाइल नंबरवरून पटवण्याला एक सरकारी कारणही आहे. सार्वजनिक वायफाय वापरणारा कोण होता हे मागाहून कळले पाहिजे, अशा सूचना दूरसंचार विभागाने २००९ साली दिल्या. त्यानंतर ओळखपत्राची प्रत किंवा मोबाइलवर येणारा संकेतांक, या दोन वाटा रूढ झाल्या. त्यामुळे ओटीपीचे पान नको म्हणून ते काढून टाकण्याची मुभा लॉजवाल्याला नसते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांची समजूत अशी असते की वायफायला जोडले की तिकडून लॉगिनचे पान आपल्या फोनवर पाठवले जाते. तसे होत नाही. वायफायचा राउटर आपणहून कोणाच्याही पडद्यावर पान उघडू शकत नाही. तो फक्त आलेल्या विचारणेला उत्तर देतो. म्हणजे पहिली विचारणा आपल्या फोनने किंवा लॅपटॉपने करावी लागते, आणि ती तो आपल्याला न सांगता करत असतो.

किल्ल्याच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारावा, तसा हा प्रकार आहे. नव्या नेटवर्कला जोडले जाताच यंत्र एक ठरलेला पत्ता उघडून पाहते, आणि तिथून काय उत्तर यायला हवे हे त्याला आधीच ठाऊक असते. अँड्रॉइड फोन `http://connectivitycheck.gstatic.com/generate_204` हा पत्ता विचारतो आणि २०४ या क्रमांकाच्या रिकाम्या उत्तराची अपेक्षा ठेवतो. आयफोन `http://captive.apple.com/hotspot-detect.html` विचारतो आणि तिथे `Success` हा शब्द शोधतो. विंडोज लॅपटॉप `http://www.msftconnecttest.com/connecttest.txt` विचारतो आणि त्याला `Microsoft Connect Test` एवढीच ओळ हवी असते. हे तिन्ही पत्ते `http` ने सुरू होतात, `https` ने नाही, हे लक्षात ठेवा. ती चूक नसून मुद्दाम केलेली सोय आहे, आणि तिचे कारण पुढे येईल.

तुम्ही अजून लॉगिन केलेले नसेल तर वाटेतला राउटर ही विचारणा पुढे जाऊ देत नाही. तो स्वतःच त्या पत्त्याचा मालक असल्याचे सोंग घेतो आणि उत्तर देतो, "हे पान इथे नाही, त्या तिथे आहे," आणि लॉगिनच्या पानाचा पत्ता पुढे करतो. फोनला हवे होते एक, मिळाले भलतेच. त्यावरून तो ओळखतो की वाटेत कोणीतरी बसले आहे, आणि मग तो स्वतःच ते पान एका लहान खिडकीत उघडतो किंवा `Sign in to Wi-Fi network` अशी सूचना दाखवतो.

म्हणजे त्या प्रश्नाचे तीन निकाल लागू शकतात. अपेक्षित उत्तर आले तर फोन समजतो की इंटरनेट मोकळे आहे, आणि काहीही दाखवत नाही. भलते उत्तर आले तर तो लॉगिनचे पान उघडतो. काहीच उत्तर आले नाही तर तो `No internet` असे लिहून गप्प बसतो. पान दिसते ते फक्त मधल्या प्रकारात. उत्तर खरे आले तरी पान नाही, आणि उत्तर आलेच नाही तरी पान नाही. त्यामुळे पान येत नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: या फोनला उत्तर मिळाले नाही, की नको इतके बरोबर उत्तर मिळाले?

उत्तर न मिळण्याचे सगळ्यात खालचे कारण म्हणजे यंत्राला त्या नेटवर्कमध्ये पत्ताच मिळालेला नसणे. वायफायला जोडले जाणे आणि पत्ता मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राउटर प्रत्येक नव्या यंत्राला एक आयपी पत्ता ठराविक मुदतीसाठी भाड्याने देतो. साधी मांडणी असेल तर त्याच्याजवळ २५४ पत्ते असतात, त्यातला एक त्याचा स्वतःचा, म्हणजे पाहुण्यांसाठी २५३. आता भाड्याची मुदत २४ तास ठेवली आहे आणि ही मांडणी गर्दीच्या फलाटावर वापरली आहे असे समजा. सकाळी एक गाडी थांबते, डब्यांतले शे-दोनशे फोन जुन्या ओळखीने आपोआप जोडले जातात, प्रत्येक जण एक पत्ता उचलतो आणि दोन मिनिटांत गाडीबरोबर निघून जातो. फोन गेले तरी त्यांच्या नावावरचे पत्ते दुसऱ्या सकाळपर्यंत अडकून राहतात. दुसरी गाडी आली की पत्ते संपतात, आणि त्यानंतर येणाऱ्याला वायफायची पूर्ण दांडी दिसूनही काही मिळत नाही. लॉजमध्ये चालणारी मुदत फलाटावर चालत नाही, तिथे ती अर्ध्या तासासारखी कमी ठेवावी लागते.

हे ओळखणे सोपे आहे. अँड्रॉइडवर `Obtaining IP address` हे शब्द बराच वेळ दिसत राहतात. लॅपटॉपवर पत्ता पाहिला तर तो `169.254` ने सुरू होतो. हा पत्ता कोणी दिलेला नसतो, काहीच न मिळाल्यावर यंत्राने स्वतःच घेतलेला असतो. असे दिसले तर पुढची कोणतीही खटपट व्यर्थ आहे. दोष त्या जागेच्या मांडणीत आहे, तुमच्या फोनमध्ये नाही, आणि तिथल्या माणसाला सांगण्यापलीकडे तुमच्या हातात काही उरत नाही.

लॉजमधल्या हिशेबनीसांच्या बाबतीत मात्र असे नव्हते, कारण त्याच खोलीत, त्याच वायफायवर त्यांच्या मोबाइलवर पान आले होते. एका यंत्रावर येते आणि दुसऱ्यावर येत नाही, ही फार मोलाची माहिती असते. तिच्यामुळे राउटर बराचसा निर्दोष ठरतो आणि शोध लॅपटॉपवर येऊन थांबतो. मी फोनवरूनच त्यांना काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडायला सांगितली आणि पहिली आज्ञा दिली.

```
ipconfig /all
```

त्यांनी ओळी वाचून दाखवल्या. पत्ता `10.10.0.87`, म्हणजे माझ्या राउटरने दिलेलाच. गेटवे `10.10.0.1`, तोही बरोबर. पण `DNS Servers` या ओळीपुढे त्यांनी वाचले, "आठ, आठ, आठ, आठ." तिथे खरे तर पुन्हा `10.10.0.1` यायला हवे होते.

डीएनएस म्हणजे नावावरून आकडा सांगणारी वही. `www.msftconnecttest.com` हे नाव माणसासाठी असते. यंत्राला त्याचा आयपी पत्ता लागतो, आणि तो विचारायला ते डीएनएसकडे जाते. नेटवर्कला जोडले जाताना राउटर आपणहून सांगतो की नावे मला विचार. पण लॅपटॉपमध्ये कोणी हाताने दुसरा डीएनएस लिहून ठेवला असेल तर तो राउटरचे ऐकत नाही. `8.8.8.8` हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस आहे. घरचे इंटरनेट मंद वाटले की तो लिहून द्यायची आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांना सवयच आहे, आणि घरी त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र लॅपटॉप अजून दारातच उभा आहे. लॉगिन न केलेल्या यंत्राला माझा राउटर बाहेर कुठेही जाऊ देत नव्हता, डीएनएस विचारायलासुद्धा नाही. त्यामुळे लॅपटॉपला त्या नावाचा आकडाच मिळेना. आकडा नाही म्हणून विचारणा बाहेर पडली नाही, विचारणा झाली नाही म्हणून राउटरला सोंग घेण्याची संधी मिळाली नाही, आणि म्हणून पान आले नाही. बाहेर जाण्यासाठी लॉगिन हवे, आणि लॉगिनचे पान दिसण्यासाठी आधी बाहेर जायला हवे, अशी ती गाठ होती.

तर्क बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी मी त्यांना आणखी दोन ओळी टाकायला लावल्या.

```
nslookup www.msftconnecttest.com
nslookup www.msftconnecttest.com 10.10.0.1
```

पहिली ओळ लॅपटॉपमध्ये लिहिलेल्या डीएनएसला विचारते, दुसरी मुद्दाम माझ्या राउटरला. पहिलीला `DNS request timed out` असे आले, दुसरीला तत्काळ आकडा आला. याहून स्पष्ट पुरावा नको. मग विंडोजच्या `Settings` मध्ये, वायफायच्या गुणधर्मांत, `DNS server assignment` समोरचे `Manual` बदलून `Automatic (DHCP)` केले. तरीही पान आले नाही, आणि इथे पुष्कळ लोक चुकतात. विंडोज ती चाचणी मुख्यतः जोडणी होताना करते. म्हणून वायफाय तोडून पुन्हा जोडायला सांगितले. क्षणभराने ब्राउझर आपोआप उघडला आणि पान आले.

हिशेबनीसांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता, "पण हाच लॅपटॉप घेऊन मी गेल्या महिन्यात दोन हॉटेलांत राहिलो, तिथे कसा चालला?" त्याचे उत्तर असे की सगळे राउटर सारखे बांधलेले नसतात. काही ठिकाणी लॉगिनपूर्वीही बाहेरच्या डीएनएसला वाट मोकळी ठेवलेली असते. काही ठिकाणी राउटर बाहेरच्या डीएनएसकडे जाणारी विचारणा वाटेतच पकडून स्वतः उत्तर देतो, आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या लॉजमधली मांडणी कडक होती. चूक लॅपटॉपची म्हणावी की माझी, यावर वाद घालता येईल. मला त्या रात्री ती दोघांत वाटून घ्यावी असे वाटले.

याच जातीचे आणखी दोन अडथळे आहेत. एक म्हणजे व्हीपीएन. कंपनीच्या लॅपटॉपवर पुष्कळदा असा व्हीपीएन असतो की तो जोडला गेल्याशिवाय बाहेर काहीच जाऊ देत नाही. तो जोडला जायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला लॉगिन हवे, म्हणजे पुन्हा तीच गाठ. पान येईपर्यंत तो बंद ठेवायचा आणि लॉगिन झाल्यावर लगेच चालू करायचा. कंपनीने तो बंद करण्याची मुभाच दिलेली नसेल, तर त्या लॅपटॉपवर या वायफायचा नाद सोडून मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा. दुसरा अडथळा अँड्रॉइड ९ पासून आलेल्या `Private DNS` चा. तिथे कोणी एखाद्या सेवेचे नाव पक्के लिहून ठेवले असेल तर फोन नावे फक्त तिलाच विचारतो. अँड्रॉइड आपली ठरलेली चाचणी करताना हे बंधन बाजूला ठेवतो, त्यामुळे लॉगिनची सूचना बहुधा येते. पण ती चुकून पुसली गेली आणि तुम्ही ब्राउझरमध्ये हाताने पत्ता टाकायला गेलात, की तिथे नावच सापडत नाही. तेवढ्यापुरते ते `Automatic` वर आणावे.

आता उलट प्रकार पाहू, म्हणजे नको इतके बरोबर उत्तर मिळण्याचा. हा ऐकायला विचित्र वाटतो, पण कॅफेंमध्ये आणि मोठ्या हॉटेलांमध्ये तो मुद्दाम घडवलेला असतो. आयफोन जे लॉगिनचे पान उघडतो ते पूर्ण ब्राउझरमध्ये नसते, एका तोकड्या खिडकीत असते. ओटीपी पाहायला तुम्ही मेसेजमध्ये गेलात तर परत येईपर्यंत काही वेळा ती खिडकी मिटलेली असते, आणि तिच्याबरोबर वायफायही सुटते. मग पाहुणा पुन्हा नंबर टाकतो, पुन्हा ओटीपी येतो, पुन्हा खिडकी मिटते. याला कंटाळून वायफाय बसवणारा एक युक्ती करतो. फोनच्या चाचणीचे ते पत्ते तो लॉगिनशिवायही मोकळे सोडतो. फोनला खरे उत्तर मिळते, तो समाधानी होतो आणि खिडकी उघडतच नाही. बसवणाऱ्याचा हिशेब असा की पाहुणा नेहमीचा ब्राउझर उघडेल, एखादी साइट पाहायला जाईल, आणि तिथे त्याला लॉगिनचे पान मिळेल.

हा हिशेब काही वर्षांपूर्वी जमत होता, आता जमत नाही, आणि `http` व `https` मधला फरक इथे आडवा येतो. `http` ची विचारणा उघड्या पोस्टकार्डासारखी असते. वाटेतल्या राउटरला ती वाचता येते आणि तिला भलते उत्तरही देता येते. `https` ची विचारणा लाखेची मोहर लावलेल्या पाकिटासारखी असते. उत्तर खऱ्या साइटकडूनच आले याचा पुरावा, म्हणजे तिचे प्रमाणपत्र, ब्राउझर मागतो. राउटरजवळ ते नसते. त्याने मध्ये तोंड घातले तर पाहुण्याला लॉगिनच्या पानाऐवजी "ही जोडणी सुरक्षित नाही" असा लाल इशारा दिसतो. त्याने नुसते पाकीट अडवून ठेवले तर पांढरे पान फिरत राहते. आज बँक, मेल, बातम्या, सगळे `https` वर आहे. त्यातल्या अनेक साइट्सच्या बाबतीत तर ब्राउझर तुम्ही `http` लिहिले तरी स्वतः `https` च करतो. शिवाय २०२१ पासून क्रोम नुसते नाव लिहिले की आधी `https` च वापरून पाहतो. त्यामुळे पाहुणा दहा साइट्स उघडून पाहतो आणि त्यातली एकही लॉगिनच्या पानापर्यंत नेत नाही.

फोनच्या चाचणीचे पत्ते `http` वर का ठेवले आहेत, हे आता कळेल. राउटरला सोंग घेता यावे म्हणूनच ते उघडे ठेवलेले आहेत. तुम्हालाही हाताने तेच करता येते. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत पुढची ओळ पूर्ण, `http://` सकट, टाइप करायची.

```
http://neverssl.com
```

ही साइट याच कामासाठी मोहरेशिवाय ठेवलेली आहे. तिच्याऐवजी आयफोनच्या चाचणीचा वर दिलेला पत्ताही चालतो, पण बसवणाऱ्याने नेमका तोच मोकळा सोडलेला असेल तर तिथे नुसते `Success` दिसेल. हे दिसणेसुद्धा उपयोगाचे आहे, कारण पान मुद्दाम दडवले गेल्याचा तो पुरावा असतो. हे सगळे करताना लाल इशारा आलाच, तर त्यातला "तरीही पुढे जा" हा मार्ग बँकेच्या किंवा मेलच्या नावावर कधीही घेऊ नये. वाटेत खरोखर कोण बसले आहे हे तुम्हाला त्या क्षणी कळत नसते, आणि लॉगिनच्या पानासाठी त्या मार्गाची गरजही नसते.

मोबाइलवर मात्र हा उपाय एका साध्या कारणाने फसतो, आणि माझ्या अनुभवात ते सगळ्यात जास्त वेळा आढळणारे कारण आहे. वायफायवर इंटरनेट मिळत नाही असे दिसताच अँड्रॉइड फोन मोबाइल डेटा सोडत नाही. वायफायचे चिन्ह पडद्यावर दिसत असते, पण ब्राउझरची विचारणा जाते सिमकार्डावरून. तुम्ही `neverssl.com` टाकता, साइट छान उघडते, आणि लॉगिनचे पान काही येत नाही. विचारणा लॉजच्या राउटरपर्यंत पोहोचलीच नाही, तर तो उत्तर देणार कसा? म्हणून आधी मोबाइल डेटा बंद करायचा, मग पत्ता टाकायचा. डेटा बंद केला की ओटीपी कसा येणार, अशी शंका लोक घेतात. ओटीपीचा एसएमएस डेटावर अवलंबून नसतो, त्याला फक्त नेटवर्क लागते.

सूचना आली होती आणि घाईत बाजूला सारली गेली, असेही पुष्कळदा होते. अँड्रॉइडवर वायफायच्या यादीत त्याच नावावर पुन्हा बोट ठेवले की ती खिडकी उघडते. आयफोनवर खिडकी रद्द करताना `Use Without Internet` निवडले गेले असेल तर ते नेटवर्क `Forget This Network` करून नव्याने जोडावे. लॉगिनची मुदत संपल्यावर पान दुसऱ्यांदा न येण्यालाही हाच उपाय लागू पडतो, कारण पुन्हा जोडल्यावर चाचणी पुन्हा होते.

एवढ्या सोंगाढोंगाऐवजी राउटरने सरळ सांगून का टाकू नये की लॉगिनचे पान अमुक पत्त्यावर आहे? तशी सोय आता ठरलेली आहे. २०२० साली आलेल्या आरएफसी ८९१० या मानकानुसार, पत्ता भाड्याने देतानाच राउटर ११४ क्रमांकाच्या खुणेखाली लॉगिनविषयीची माहिती कुठे मिळेल ते कळवू शकतो. अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासूनच्या फोनना ही खूण समजते. पण तिथे फोन ज्या पत्त्याकडे जातो तो `https` चाच लागतो, म्हणजे राउटरला खरे नाव आणि खरे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते वेळोवेळी नवे करावे लागते. पंधरा-वीस खोल्यांच्या लॉजचा मालक त्यासाठी पैसे मोजायला आणि ध्यानात ठेवायला सहसा तयार नसतो, आणि त्याला दोष देववत नाही. राउटरवर ती सोय असूनही ती कोणी चालू केलेली नसते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. माझ्याही दोन जागा त्यात आहेत.

दुसऱ्या दिवशी मी त्या लॉजच्या राउटरवर एक नियम वाढवला. लॉगिन न केलेल्या यंत्राने ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे डीएनएसच्या नेहमीच्या दारातून, कोणालाही नाव विचारले तरी ती विचारणा राउटरकडेच वळवायची. आता `8.8.8.8` लिहिलेला लॅपटॉप आला तरी त्याला उत्तर मिळते आणि पान येते. हा नियम उघड्या विचारणांपुरताच आहे. `Private DNS` सारख्या मोहरबंद विचारणा ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात, त्या अशा वळवता येत नाहीत. त्यासाठी काउंटरवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर तीनच ओळी आहेत: मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन बंद करा, `http://neverssl.com` उघडा. काउंटरवरच्या मुलाने खाली स्वतःच्या अक्षरात चौथी वाढवली आहे, "तरी नाही आलं तर वायफाय काढून परत जोडा, मग मला सांगा."